दीड किलो हवा, डोंबिवली ते नागपूर

आमच्या वहिनींनी मध्यंतरी नागपूरला दीड किलो हवा पाठवली. रीतसर, पक्क्या पावतीने, वर १८ टक्के जीएसटी भरून. सोबत अर्धा किलो चकल्याही होत्या, पण भाड्याच्या हिशेबात त्या किरकोळ निघाल्या.

वहिनी घरून चकल्या विकतात. भाजणी स्वतःची, सोऱ्या सासूबाईंचा, गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरचं. डोंबिवलीत घरपोच द्यायचं काम पुतण्या सायकलवरून करायचा, तोवर धंद्यात वादाला जागा नव्हती. मग कुणाची तरी नणंद नागपूरची निघाली, तिची जाऊ अमरावतीची, आणि वहिनींनी मोबाइलवर एक अ‍ॅप उतरवून घेतलं. दहा कुरिअर कंपन्यांचे दर एकाच पडद्यावर दाखवणारं. या धंद्यात अशा दलालाला अ‍ॅग्रीगेटर म्हणतात. दलाल म्हटलं तर कमिशन द्यावंसं वाटत नाही, म्हणून असावं.

अ‍ॅपने विचारलं, वजन? वहिनींनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोका ठेवला. ७२० ग्रॅम. अ‍ॅपने विचारलं, लांबी, रुंदी, उंची? तिथे आधीच १०, १०, १० लिहिलेलं होतं. सरकारी फॉर्मात आधीच लिहिलेलं आपण कुठे बदलतो? वहिनींनीही बदललं नाही. अ‍ॅप म्हणालं, पहिल्या अर्ध्या किलोचे ४५, पुढच्या अर्ध्याचे ३८, जीएसटीसकट ९८ रुपये. महाराष्ट्रातली बारा पार्सलं गेली. वहिनींनी मला फोन करून सांगितलं, "भाऊजी, ९८ रुपयांत नागपूर! तुमची एसटी तरी नेते का?"

नवव्या दिवशी अ‍ॅपच्या वॉलेटमधून दर पार्सलामागे १३४ रुपये ५२ पैसे परस्पर गेले. बारांचे मिळून १,६१४. वॉलेट उणे झालं आणि तेरावं पार्सल अ‍ॅप घेईना. आधी मागची बाकी भरा म्हणे.

"चोर आहेत मेले," वहिनी म्हणाल्या.

मी टेप घेऊन गेलो. चोर नव्हते. खोका चोर होता.

तो कोपऱ्यावरच्या वाण्याने दिलेला बिस्किटांचा रिकामा खोका. फुकट. ३० सेंटिमीटर लांब, २२ रुंद, १५ उंच. त्यात चकल्यांची पिशवी आणि ती हलू नये म्हणून चहूबाजूंनी चुरगाळलेली वर्तमानपत्रं. (त्यात माझं सदरही होतं. कुठेतरी उपयोगी पडलं.) आता कुरिअरचं गणित असं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला भागिले ५०००. उत्तर किलोत. याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. त्यात अन्याय असा काही नाही. टेम्पोत जागा खोका अडवतो, आतल्या चकल्या कितीही हलक्या असोत. मुंबईच्या लोकलमध्ये सीटवर पिशवी ठेवणाऱ्याला आपण जे ऐकवतो, तेच कुरिअर कंपनी बिलातून ऐकवते.

तर ३० गुणिले २२ गुणिले १५ म्हणजे ९,९००. भागिले ५००० म्हणजे १.९८ किलो. दोन किलोंच्या आत, कसंबसं. पण वर्तमानपत्रं दाबून भरल्यामुळे खोक्याला पोट आलं होतं. कुरिअरच्या हबमधलं यंत्र पोट आत घ्यायला सांगत नाही. जिथे सर्वांत फुगलंय तिथे मोजतं. ३१, २३, १६. गुणाकार ११,४०८. वजन २.२८ किलो. आणि दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये असतो, पुढच्या स्लॅबमध्ये बोट जरी बुडलं तरी पूर्ण स्लॅब लागतो. म्हणून २.२८ चे झाले अडीच. ४५ अधिक चार वेळा ३८, म्हणजे १९७, वर जीएसटी, २३२ रुपये. डोंबिवलीकराला स्लॅब म्हटलं की गळतीच आठवते. ती इथेही होती, फक्त ओल दिसायला नऊ दिवस लागले.

काट्यावर ७२० ग्रॅम, बिलावर २.२८ किलो. मधली दीड किलो हवा.

वहिनींनी तक्रार केलीच. अ‍ॅपवर वजनाचा वाद घालायला जागा असते, मुदतही असते, बहुतेकांकडे आठवडाभराची. ती उलटली की कापलेले पैसे तुम्हाला मान्य असं धरतात. पण वाद घालायला पुरावा लागतो, आणि वहिनींकडे पुरावा म्हणून फक्त आवाज होता. समोरून यंत्राने काढलेला फोटो आला. खोका, त्याच्या तीन बाजू, त्यावर आकडे. पोट स्पष्ट दिसत होतं. फोटोत आपलं पोट दिसलं की माणूस जसा गप्प बसतो, तशा वहिनी गप्प बसल्या.

तेव्हापासून त्या घरातून खोका निघण्यापूर्वी त्याचं फोटोसेशन होतं. पत्त्याचं लेबल चिकटवून झाल्यावर, त्यावरचा एडब्ल्यूबी नंबर वाचता येईल असा, एक फोटो काट्यावर आणि तीन फोटो टेप लावून. लेबल आधी, फोटो नंतर. उलट केलं तर समोरचा म्हणतो, हा खोका तोच कशावरून? पुढे एकदा यंत्राने शेजारचा खोका चिकटून मोजला होता, तेव्हा हेच चार फोटो पाठवून कापलेले पैसे परत आले. लग्नाच्या अल्बमने त्या घराला एवढा परतावा कधी दिलेला नाही.

आता हिशेब बघा, कारण वहिनींनी तो तोवर केला नव्हता. डब्याची किंमत ४५० रुपये, डिलिव्हरी फुकट. म्हणजे डिलिव्हरीचे पैसे वहिनींनी स्वतःच्या पदरचे घालायचे. भाजणी, तेल, गॅस आणि हात मोडून केलेले कष्ट यांचे १९०. पिशवी आणि चिकटपट्टीचे १२. भाडं २३२. गिऱ्हाईक पैसे दारात देणार, त्या कॅश ऑन डिलिव्हरीचे ४० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४७. बेरीज ४८१. दर डब्यामागे ३१ रुपये तोटा. बारा डब्यांनंतर वहिनींच्या लक्षात आलं की, घरी बसून टीव्ही पाहिला असता तर ३७२ रुपये जास्त मिळाले असते.

दादा म्हणाला, मग मोठी कंपनी सोडून छोटी धर. एखादी स्वस्तातली. मराठी नवऱ्याचा हा ठरलेला तोडगा, दुकान बदल. पण दोन रुपये इकडे, तीन रुपये तिकडे यात काही नव्हतं. सगळं खोक्यात होतं. काही कंपन्या तर ट्रकने जाणाऱ्या मालाला ५००० ऐवजी ४,५०० ने किंवा ४००० ने भागतात. त्यांचा अर्ध्या किलोचा दर दिसायला कमी, आणि तोच फुगलेला खोका ४००० वाल्यांकडे २.८५ किलो भरतो. दर विचारण्याआधी भाजक विचारायचा असतो. चौथीत गणिताच्या बाई हेच सांगत होत्या.

वहिनींनी शेवटी चकल्या मोजल्या. मी पाहत होतो. तेलात सोडताना त्या चकलीचा घेर हाताच्या अंदाजाने करतात, आणि तो अंदाज यंत्राहून पक्का आहे. साधारण सव्वासहा सेंटिमीटर व्यास, सव्वा सेंटिमीटर जाडी, वजन १८ ग्रॅम. २८ चकल्या म्हणजे ५०४ ग्रॅम. पिशवीत सैल ओतल्या की त्या एकमेकींशी भांडून जागा अडवतात. बांगड्यांसारख्या एकावर एक रचल्या तर सात-सातच्या चार चळती होतात. तेरा बाय तेराची जागा, उंची नऊच्या आत. चळतीभोवती बटर पेपर, चार चळतींभोवती बबल रॅपचा एक वेढा, आणि बाहेर बेताचा नवा खोका.

नव्या खोक्याचीही एक गंमत आहे. खोकेवाला माप इंचात सांगतो आणि आतलं सांगतो. कुरिअरवाला सेंटिमीटरमध्ये मोजतो आणि बाहेरून मोजतो. साध्या तीन पदरी पुठ्ठ्याची भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास असते, दोन्ही बाजूंनी धरली तर सहा. झाकणाचे पंख एकमेकांवर येतात, वर चिकटपट्टी, म्हणून उंचीत अजून थोडं. खोकेवाल्याचं माप अ‍ॅपमध्ये भरणारा माणूस पहिल्याच दिवशी एका स्लॅबने हुकू शकतो. वहिनींनी रिकामा खोका बंद करून बाहेरून मोजला, मगच शंभर खोक्यांची ऑर्डर दिली. १७ बाय १७ बाय १२. गुणाकार ३,४६८. म्हणजे ०.६९ किलो. काट्यावर ठेवला, ६९० ग्रॅम. दोन्ही वजनं जवळजवळ एक. पुडीत हवा भरून विकणाऱ्या वेफर कंपन्यांना हे कधी साधलेलं नाही.

म्हणजे एक किलोचा स्लॅब. ९८ रुपये, आणि या वेळी खरेच ९८. चार हजाराने भागलं तरी किलोच्या आतच. खोक्याचे १४, बटर पेपर, बबल रॅप, पिशवी, पट्टी धरून वेष्टनाचा खर्च १२ वरून २८ वर गेला. १६ रुपये जास्त लागले, १३४ वाचले. वाण्याचा फुकटचा खोका त्या घरातली सर्वांत महाग वस्तू होती, फ्रिजखालोखाल.

आता डब्यामागे ८७ रुपये सुटू लागले. वहिनींचा उत्साह परत आला. आणि मग पार्सल परत आलं.

अकोल्याचं होतं. चकल्यांत काही वावगं नव्हतं, त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. कॅश ऑन डिलिव्हरीत बऱ्याचदा असंच होतं. रात्री साडेअकराला भूक लागली, मागवलं. चौथ्या दिवशी दारात माणूस आला तेव्हा पोट भरलेलं होतं किंवा पाकीट घरी नव्हतं. आपल्याला हे नवं नाही. पोस्टाची व्ही.पी. १८७७ पासून आहे, आणि व्ही.पी. सोडवून न घेणारा इसमही तितकाच जुना असणार. फरक एवढाच की तेव्हा पोस्टमन त्याला नावाने ओळखायचा.

डिलिव्हरीवाला गेला, फोन लागला नाही, त्याने नोंद केली "ग्राहक उपलब्ध नाही". हा अहवाल विक्रेत्याला अ‍ॅपवर येतो, एनडीआर म्हणतात त्याला. तो आला की दिवसभरात उत्तर द्यायचं असतं: पुन्हा न्या, हा दुसरा नंबर घ्या, देवळामागची गल्ली. उत्तर दिलं नाही तरी साधारण तीनदा प्रयत्न होतात, आणि मग खोका उलट्या पावली निघतो. वहिनींना एनडीआर हे एखाद्या मैत्रिणीच्या सोसायटीचं नाव वाटलं. तीन सूचना आल्या, तिन्ही वर सरकवल्या गेल्या. उत्तर न देता सूचना सरकवण्यात आपण सगळेच तरबेज आहोत. तीन प्रयत्नांतला एखादा तर डिलिव्हरीवाल्याने चहाच्या टपरीवरूनही केलेला असतो. गिऱ्हाइकाला विचारलं तर तो म्हणतो, फोनच आला नाही. नक्की खोटं कोण बोलतंय हे ठरवायला वहिनींकडे एकच उपाय होता: गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची त्या वेळची मिस्ड कॉलची यादी मागवणं. त्या यादीचा फोटो लावून चौथा प्रयत्न मागता येतो. पण त्यासाठी पहिली सूचना वाचायला लागते.

परतीच्या प्रवासाला घाई नसते. पार्सल सतराव्या दिवशी आलं. जाताना ९८, येताना ९८. येण्याचं भाडं नेण्याएवढं, कुठे दोन-चार रुपयांनी कमी. याला आरटीओ म्हणतात, आणि तेही परिवहन खात्याच्या आरटीओसारखंच: आपण न बोलावता पैसे लागतात. कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार तेवढा माफ झाला. साडी परत आली तर इस्त्री करून दुसऱ्याला पाठवता येते. सतरा दिवस ट्रकमध्ये हिंडलेली चकली कुणाला पाठवणार? चळती शाबूत होत्या, दोनच तुटल्या होत्या, पण तेलाचा वास बदलू लागला होता. वहिनींनी एक तोंडात टाकली आणि सगळा डबा बाजूला ठेवला. विकायचा नाही, एवढंच म्हणाल्या.

तर भाडं दोन्हीकडचं १९६, माल १९०, वेष्टन २८. एका परतीचे ४१४ रुपये. पोचलेला डबा देतो ८७. म्हणजे सहा डबे गेले, पाच पोचले, एक परत आला, तर पाचांचे ४३५ वजा ४१४. हातात २१ रुपये. एकवीस हा आकडा मोदकांना शोभतो, महिन्याच्या कमाईला नाही. आणि सातात दोन परत आले तर हिशेबाची वही मिटून देवघरात ठेवावी.

इथे माझं एक मत आहे, ते वहिनींना पटायला एक दिवाळी लागली. अर्ध्या किलोच्या दरात पाच रुपये कुठे वाचतात हे शोधण्यात घरगुती विक्रेता दुपार घालवतो, आणि त्याच दुपारी दारात पैसे घ्यायचं कबूल करून ४१४ ची पैज लावतो. गिऱ्हाइकाचा त्यात एक रुपयाही नसतो. ज्याचा रुपया अडकलेला नाही, तो दार कशाला उघडेल? वहिनींनी आता साधा नियम केला आहे. यूपीआयने आधी पैसे द्या, ४५०. दारातच द्यायचे असतील तर ५०० पडतील, त्यातले १०० आत्ता पाठवा, उरलेले ४०० दारात. त्या १०० ने परतीचं भाडं निघतं. काही गिऱ्हाइकं रुसली. रुसलेल्यांत अकोल्याचे असणार, असं वहिनी म्हणतात. माझ्याकडे पुरावा नाही. शिवाय दारातले पैसे गिऱ्हाइकाने दिले म्हणजे वहिनींना मिळाले असं नव्हे. ते अ‍ॅपकडे आठवडा-दहा दिवस मुक्काम करून मग येतात. तोवर तेलाचा डबा उधारीवर.

अ‍ॅपशिवाय वाटा नाहीत असं नाही. स्टेशनजवळचा कुरिअरचा काउंटर आहे. तिथे एक दादा बसतो, पार्सल हातात घेऊन उडवल्यासारखं करतो आणि म्हणतो, "एकशेदहा." मोजमाप डोळ्यांनी. छोटा खोका असेल तर काट्यावरचंच वजन धरतो, मोठा दिसला की त्याला एकदम ५००० चा भागाकार आठवतो. ९८ पेक्षा हे महाग, पण दिले की दिले, नवव्या दिवशी वॉलेटला गळती नाही. महिन्याला पंधरा पार्सलं ठरवून दिली तर तो शंभरावर येतो, आणि हे सगळं तोंडी. दारात पैसे घ्यायचं काम तो करत नाही, हे मी त्याच्या गुणांत धरतो. दोष परतीत. परत आलेलं पार्सल सोडवायला त्याने एकदा जायच्या भाड्याएवढेच मागितले. लेखी कुठे होतं? वहिनींनी घासाघीस करून साठावर आणलं. पहिल्याच दिवशी "परत आलं तर किती?" हा प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहून घेतलं असतं तर साठही वाचले असते किंवा निदान भांडण तरी.

पोस्टाचं सांगायचं तर तिथे रांग आहे, जेवणाची सुट्टी आहे, आणि चष्म्यावरून बघणारे गृहस्थ आहेत. पण वजन तुमच्यासमोर होतं, पैसे तिथल्या तिथे ठरतात, नंतर कुणी फोटो पाठवत नाही. मोठ्या खोक्याला पोस्टही आकारमान लावतं, तेव्हा वाण्याच्या खोक्याला इथेही माफी नाही. दर अंतरावर आहे. नागपूरला आणि ठाण्याला एकच भाव नाही, म्हणून जवळच्या पार्सलाला पोस्ट परवडतं आणि लांबच्याला दोन्ही दर ताडून बघावे लागतात. खरी कमाल पत्त्याची. गडचिरोलीतल्या आत-आतल्या गावाचा पिन अ‍ॅपमध्ये टाकला की निम्म्या कंपन्या पडद्यावरून नाहीशा होतात, उरलेल्या आडगावचा जादा आकार लावतात किंवा तालुक्याला या म्हणतात. पोस्टमन गावात जातो. पिनकोड पोस्टानेच १५ ऑगस्ट १९७२ ला दिला. आज सगळ्या कुरिअर कंपन्या तोच पिन बघून दराचा कप्पा ठरवतात आणि पोस्टाला मागास म्हणतात. वहिनींचं स्पीड पोस्टाने गेलेलं एक पार्सल चुकीच्या घर नंबरामुळे परत आलं, तेव्हा पोस्टमनने परतीचं भाडं मागितलं नाही. पाणी मागितलं.

आणि ट्रॅव्हल्सची गाडी. रात्री नऊला खोका ड्रायव्हरच्या मागे, पन्नास रुपये, गिऱ्हाईक सकाळी स्टँडवर जाऊन घेणार. इथे स्लॅब नाही, परत येणं नाही, पावतीही नाही. हरवलं तर ड्रायव्हरचा फोन लागत नाही, बस.

मला विचाराल तर वहिनींची आताची वाटणी ठीक आहे. आगाऊ पैसे आलेले, शहरातले, छोट्या चौकोनी खोक्यातले अ‍ॅपवर. खेड्यातले पोस्टाने. काउंटरवाला दादा दिवाळीच्या पंधरवड्यासाठी राखून, कारण तेव्हा अ‍ॅपवरच्या कंपन्यांचे हब तुंबतात आणि घरी पिकअपला येणारा मुलगा तीन दिवस "उद्या" म्हणतो. शनिवारी काहीच धाडायचं नाही. शनिवारी निघालेली चकली रविवार गोदामात काढते, आणि तिच्या आयुष्यात एक रविवार फार मोठा असतो.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र लाडवांची. वहिनी एक दिवस खोक्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ६९० ग्रॅमला आपण एक किलोचं भाडं देतो ना? मग उरलेल्या तीनशे दहाचं काय?" मी म्हटलं, ते कंपनीचे. त्या म्हणाल्या, का म्हणून? दुसऱ्या दिवशी खोका चार सेंटिमीटरने उंच झाला. १७, १७, १६. गुणाकार ४,६२४, म्हणजे ०.९२ किलो. वरच्या मजल्यावर बेसनाचे पाच लाडू, चाळीस-चाळीस ग्रॅमचे, छोट्या पिशवीत. काट्यावर ९०५ ग्रॅम. दोन्ही वजनं किलोच्या आत, भाडं तेच ९८. पाच लाडवांचे १०० रुपये वेगळे, त्यांना डोंबिवली ते नागपूर प्रवास फुकट. चकली जागा खाते आणि लाडू वजन खातो. दोघांना एका घरात ठेवलं की भाडं एकाचंच पडतं. आपल्या चाळींत हे शास्त्र पन्नास वर्षं चाललं, फक्त भागाकार कुणी केला नव्हता.

सहावा लाडू टाका म्हटलं मी. नको म्हणाल्या, ९४५ होतात, आणि आपला काटा दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, त्यांचा दाखवत नाही.

परवा नागपूरच्या त्याच पहिल्या गिऱ्हाईक बाईंना नवा खोका पोचला. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच फोटो आणि खाली तक्रार: "काकू, मागच्या वेळी केवढा मोठा खोका होता. या वेळी चकल्या कमी टाकल्यात का?"

वहिनींनी लिहिलं, "२८ आहेत. मोजून घ्या."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "२७ भरल्या. एक मोजायच्या आत ह्यांनी खाल्ली."